पोलीस भरती (महाराष्ट्र): शिपाईपद आणि घटकाची निवड

महाराष्ट्र पोलीस दलात सर्वात खालच्या पदावर, म्हणजे पोलीस शिपाई म्हणून, थेट प्रवेश देणाऱ्या निवड प्रक्रियेला पोलीस भरती म्हणतात. बारावी उत्तीर्ण असलेला, खुल्या प्रवर्गात १८ ते २८ वर्षे वयाचा उमेदवार अर्ज करू शकतो. मागास प्रवर्गांसाठी कमाल वय ३३ आहे. भरती राज्यभर एकाच वेळी जाहीर होत असली, तरी ती घटकनिहाय होते. घटक म्हणजे एखादे शहर आयुक्तालय, एखादा जिल्हा किंवा राज्य राखीव पोलीस बलाचा एखादा गट. शिपाईपदासाठी उमेदवाराला एकच घटक निवडता येतो, आणि अर्जातील ही एक नोंद पुढच्या तीस वर्षांचा मुक्काम बहुतांशी ठरवते.

सन २०२२ पासून शारीरिक चाचणी आधी आणि लेखी परीक्षा नंतर होते. मैदानी चाचणीला, जिला उमेदवार ‘ग्राउंड’ म्हणतात, ५० गुण असून त्यांपैकी निम्मे मिळवणे आवश्यक असते. मात्र लेखीसाठी प्रवर्गनिहाय रिक्त पदांच्या दहापटच उमेदवार बोलावले जात असल्याने खरी मर्यादा त्याहून बरीच वर जाते. पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी २० गुण, तर १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण असतात. महिलांसाठी मोठी धाव ८०० मीटरची आहे.

मोठ्या धावेत गुण मिळतात ते वेळेच्या टप्प्यांवर. पुरुषांना पूर्ण २० गुणांसाठी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पूर्ण कराव्या लागतात. नवखा उमेदवार गर्दीच्या ओढीने पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड होतात. शेवटची फेरी नव्वद सेकंदांवर गेली, तर आधी वाचवलेली साडेसात सेकंदे गमावून वर आणखी पाच सेकंदांचा तोटा होतो. म्हणून नुसते रोज लांब धावणे पुरत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा ठरलेल्या वेगाने ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती घेऊन माराव्या लागतात, म्हणजे वेगाचा अंदाज घड्याळाशिवाय अंगात मुरतो. उरलेले बहुतेक दिवस सावकाश धावण्याचे असावेत.

तयारी बिघडते ती बहुधा पायाच्या नळीपाशी. जाहिरात निघाल्यावर डांबरी रस्त्यावर एकदम अंतर वाढवले की नळीच्या आतल्या कडेने दुखू लागते. लांब पट्ट्यात होणारे हे दुखणे धावणे कमी केल्यावर बहुधा ओसरते. पण बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि रात्री पडल्यावरही थांबत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी वेदनाशामक घेऊन धावणे हा घातक मार्ग आहे. डॉक्टरांना दाखवून धावणे थांबवावे. उष्म्याचा धोका याहून गंभीर आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता.

घटकाच्या निवडीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लातूर जिल्ह्यातील एखादा उमेदवार जागा अधिक म्हणून मुंबईचा अर्ज भरतो आणि निवडला जातो. शिपायाची ज्येष्ठता घटकापुरती असते. त्यामुळे पुढे आईवडिलांसाठी त्याने लातूरला आंतरजिल्हा बदली मागितली, तर आधी तिथे जागा रिकामी हवी, आणि बदली मिळाली तरी मुंबईतील ज्येष्ठता सोडून त्याला नव्या यादीत तळाशी जावे लागते. पदोन्नती त्यामुळे लांबते. मुंबईतच राहिल्यास शासकीय निवासस्थान मिळेपर्यंत अनेकांना दूरच्या उपनगरांत घर घ्यावे लागते आणि कामाच्या तासांना प्रवासाचे तास जोडले जातात. गणेशोत्सवात किंवा निवडणुकीत बंदोबस्त लागला की साप्ताहिक सुट्टी रद्द होते, म्हणजे घरचे सण तो क्वचितच घरी साजरे करतो.

राखीव बलाचे आयुष्य वेगळे आहे. तिथे मोठी धाव ५ किलोमीटरची असते, आणि गटाचे मुख्यालय दौंड किंवा हिंगोलीत असले तरी कंपनी बंदोबस्तासाठी राज्यभर फिरते, त्यामुळे कुटुंब एका गावी आणि जवान दुसऱ्या गावी ही स्थिती नेहमीची ठरते. ठरावीक सेवेनंतर जिल्हा पोलिसांत जाण्याची सोय आहे, पण तोपर्यंत मुलांची शाळेची बरीच वर्षे सरलेली असतात. सीमा सुरक्षा दलासारख्या केंद्रीय दलांत दहावीवर प्रवेश मिळतो, मात्र नेमणूक देशात कुठेही होते.

वेतनाची सुरुवात शिपायाला २१,७०० रुपये मूळ वेतनाने होते. पद वाढले नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेतून वरची वेतनश्रेणी मिळू शकते, आणि अनेक शिपायांच्या बाबतीत वेतन पदापेक्षा लवकर वाढते. राज्य पोलीस दलात निवृत्तीचे वय ५८ आहे.