लीड अहवालाची छाननी

जाहिरातीच्या फॉर्मवरून आलेल्या चौकशांच्या, म्हणजे लीडच्या, यादीतून बनावट, दुबार आणि चाचणीच्या नोंदी वेगळ्या काढून मगच प्रति लीड खर्च (सीपीएल) मोजण्याच्या कामाला लीड अहवालाची छाननी म्हणतात. नागपुरात बेसा, जामठा, उमरेड रोड अशा भागांतल्या लेआउटमधले प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातींत ही छाननी विशेष लागते, कारण प्लॉट शोधणारा माणूस एकाच आठवड्यात चार ठिकाणी आपला नंबर टाकत असतो.

छाननी नंबरापासून सुरू होते. एकच मोबाईल नंबर फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या फाईलमध्ये p:+91 लावून येतो, वेबसाइटच्या फॉर्ममध्ये आधी शून्य लावून, तर कुणी मध्ये जागा सोडून लिहितो. त्यामुळे संगणकाला ते तीन वेगळे नंबर वाटतात. म्हणून मूळ नंबर A रकान्यात असतील तर आधी शेवटचे 10 अंक वेगळ्या रकान्यात घ्यावे लागतात आणि मग तो नंबर वरून कितव्यांदा आला ते मोजावे लागते:

```
B2: =RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"-",""),10)
C2: =COUNTIF(B$2:B2,B2)
```

C मध्ये 2 किंवा त्याहून मोठा आकडा आला की ती ओळ दुबार. त्याआधी यादी तारखेनुसार, जुनी नोंद वर, अशी लावलेली असावी. नाहीतर पहिली चौकशी दुबार ठरते आणि नंतरची खरी. फाईल उघडल्यावर नंबर 9.19E+11 असा दिसत असेल तर ती तशीच सीएसव्ही म्हणून जतन करू नये. शेवटचे अंक कायमचे जातात आणि वेगवेगळी माणसे एकाच नंबराची दिसू लागतात.

भारतीय मोबाईल नंबर 6 ते 9 यांपैकी एका अंकाने सुरू होतो, त्यामुळे 1234567890 सारखे नंबर लगेच कळतात. मेटाच्या चाचणी साधनातून आलेल्या ओळींत test lead: dummy data असा मजकूर असतो. अवघड असतात ते दिसायला ठीक पण चुकीचे नंबर. मेटाचा फॉर्म प्रोफाइलमधला नंबर आपोआप भरतो आणि तो कित्येकदा जुना, बंद पडलेला असतो. फॉर्म भरणाऱ्याने फसवलेले नसते, त्याने नंबर पाहिलेलाच नसतो. अशा नोंदी फोन केल्यावरच उघड होतात.

इथेच छाननीची हद्द ठरवावी लागते. ‘राँग नंबर’ आणि ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ हे यादीबाहेर जातात. ‘स्विच ऑफ’, ‘उचलत नाही’, ‘बजेट नाही’ हे जात नाहीत. बजेट नसलेला माणूस खराच असतो. त्याला वगळले की प्रति लीड खर्च न राहता पात्र लीडचा खर्च होतो आणि तो वेगळा मोजलेला बरा. टेलिकॉलरने न लावलेले फोनही कधीकधी ‘राँग नंबर’ म्हणून नोंदले जातात, तेव्हा कॉल लॉगशी ताळा घातल्याशिवाय तो शेरा मानू नये.

एक काल्पनिक पण नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. जामठ्याजवळच्या एका लेआउटसाठी महिन्याला मेटावर 36,000 आणि गूगल सर्चवर 24,000 रुपये खर्च झाले. लीड आले अनुक्रमे 240 आणि 80, म्हणजे दर 150 आणि 300 रुपये. मेटाच्या यादीतून चाचणीच्या 6, दुबार 24 आणि चुकीच्या नंबरांच्या 50 नोंदी निघाल्या, उरले 160. गूगलच्या यादीतून सगळ्या मिळून 5 गेल्या, उरले 75. आता दर 225 आणि 320. मेटा अजूनही स्वस्त आहे, पण निम्म्या दरात नाही, आणि पुढच्या महिन्याचे बजेट सरसकट तिकडे वळवण्याचा आधार राहत नाही.

उरलेल्यांपैकी 10 नंबर दोन्ही याद्यांत होते. माध्यमाचा स्वतंत्र दर काढताना ते दोन्हीकडे राहू शकतात, पण एकूण दर काढताना माणूस एकदाच मोजायचा: 160 आणि 75 मिळून 235 नव्हे, 225. म्हणजे 60,000 भागिले 225, सुमारे 267 रुपये. खर्चाचा आकडा मात्र कापायचा नाही. नोंद बनावट निघाली तरी तिच्यासाठी पैसे गेलेलेच असतात. जाहिरात कंपनीने खात्यात प्रत्यक्ष परतावा जमा केला असेल तरच तेवढी रक्कम वजा होते.

वगळलेल्या ओळी पुसून टाकत नाहीत, शेजारी ‘कारण’ असा रकाना करून ठेवतात. एजन्सीचे बिल लीडमागे ठरलेले असेल तेव्हा हाच रकाना वादात कामी येतो. दुबार ठरवण्याची मुदतही आधी लिहून ठेवतात, समजा 90 दिवस. उन्हाळ्यात चौकशी करून गेलेला माणूस दिवाळीला पुन्हा विचारू लागला, तर त्याला नवी लीड मानणेच योग्य.