तीन वर्षांचा उत्पन्न दाखला: आंबा बागेच्या सामाईक सात-बाऱ्यासह ऑनलाइन अर्ज

'आपले सरकार' पोर्टलवर महसूल विभागातून उत्पन्न प्रमाणपत्र निवडले की ते एका वर्षाचे हवे की तीन वर्षांचे, आणि कशासाठी हवे, हे विचारले जाते. कागदपत्रे जमवण्यापूर्वी हे ठरवावे, कारण सगळी जुळणी त्यावरच होते. शिष्यवृत्तीसाठी सहसा एका वर्षाचा दाखला चालतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी मात्र सलग तीन वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते. एका वर्षाचा दाखला काढून झाल्यावर तीन वर्षांचा हवा होता असे कळले, तर अर्ज पुन्हा करावा लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत तो वेळ परत मिळत नाही.

देवगड तालुक्यातील एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. वडील मुंबईत खासगी नोकरीत आहेत, आई आणि मुलगी गावी राहतात, आणि हापूसची बाग दरवर्षी कराराने व्यापाऱ्याला दिली जाते. मुलीला 2025-26 च्या प्रवेशासाठी नॉन-क्रीमीलेअर काढायचे आहे, म्हणून 2022-23, 2023-24 आणि 2024-25 या तिन्ही आर्थिक वर्षांचे उत्पन्न अर्जात वेगवेगळे भरावे लागेल. पगारासाठी त्या तीन वर्षांचे फॉर्म 16 जोडावेत. बागेसाठी सात-बारा आणि 8-अ उतारे, तसेच तलाठ्याचा अहवाल लागतो.

आमच्या कोकणात खरी अडचण याच सात-बाऱ्यावर येते. उताऱ्यावर आजोबांचे किंवा चुलत्यांसह दहा-बारा सहहिस्सेदारांचे नाव असते आणि कोणाचा हिस्सा किती, हे लिहिलेले नसते. तलाठ्याने संपूर्ण बागेचे उत्पन्न एकाच घराच्या नावे धरले, तर आकडा विनाकारण फुगतो. म्हणून तलाठ्याकडे जाताना वंशावळ, वारसनोंदीचा फेरफार आणि कराराची रक्कम कशी वाटली जाते याचा कागद सोबत न्यावा, आणि आपल्या वाट्याचीच रक्कम अहवालात आली आहे ना, हे अर्ज भरण्याआधी वाचून घ्यावे. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न मर्यादेसाठी इतर उत्पन्नात मिळवले जात नाही, हे खरे आहे. पण म्हणून उत्पन्नाच्या अर्जात ते लपवू नये. स्रोत स्पष्ट लिहिला, तरच पुढे ती वजावट मिळते.

पत्त्याचाही मेळ बसला पाहिजे. शिधापत्रिका देवगडची आणि वडिलांचे आधार कार्ड मुंबईच्या पत्त्याचे असेल, तर अर्ज ज्या तालुक्यात करायचा तेथील रहिवासाचा पुरावा जोडावा. नावाच्या अक्षरांत फरक असल्यास अर्ज त्रुटीसह परत येऊ शकतो.

अधिवास प्रमाणपत्राची बाब वेगळी आहे. तिथे उत्पन्नाचा कागद लागत नाही. वयाचा पुरावा आणि महाराष्ट्रातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मुलीचे शिक्षण गावीच झाले असल्यास शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवरील जन्मस्थळ व जन्मतारीख एकमेकांशी जुळतात का, एवढे आधी तपासावे.