'रुंटर' म्हणताना बोलणारा वर असतो की खाली?

जर्मन ही गणितासारखी काटेकोर भाषा, असं क्लासच्या जाहिरातींपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळे सांगतात. संस्कृतशी नातं लावून 'शास्त्रशुद्ध' हे बिरुदही कुणीतरी चिकटवतंच. या मंडळींना बर्लिनच्या एखाद्या इमारतीखाली नेऊन उभं करायला हवं.

पुस्तकातला नियम काटेकोर आहे, हे खरं. 'हेर' म्हणजे बोलणाऱ्याकडे आणि 'हिन' म्हणजे त्याच्यापासून दूर. समजा, किल्ली तिसऱ्या मजल्यावर राहिली. अंगणात उभा असलेला माणूस ती 'हेरुंटर' टाक म्हणून ओरडेल, कारण ती खाली त्याच्याकडे येणार. खिडकीतली त्याची बायको म्हणेल, 'हिनुंटर' टाकते, कारण ती तिच्यापासून दूर जाणार. किल्लीची वाट एकच, पण बोलणारा बदलला की शब्दही बदलतो.

हे काम आपण क्रियापदावर सोपवतो. 'पळत बाहेर आला' म्हटलं की सांगणारा बाहेर आहे, 'पळत बाहेर गेला' म्हटलं की तो आत आहे. जर्मनमध्ये दोन्हीकडे 'लीफ', म्हणजे नुसतं 'पळाला'. आला की गेला, ते 'हेराउस' आणि 'हिनाउस' यांवरून कळतं.

आता माझा आवडता भाग. 'हेरुंटर'ची फोड हेर-उंटर अशी असली, तरी तोंडातून शब्द हे-रुंटर असा निघतो आणि जोर 'रुं'वर पडतो. बिनजोराचा 'हे' बोलण्याच्या घाईत गळतो आणि 'रुंटर' उरतं. याच रीतीने हि-नुंटरचं 'नुंटर' व्हायला हवं. दक्षिणेकडच्या काही बोलींत ते होतंही: तिथे खाली जाताना 'नुंटर', वर जाताना 'नाउफ' ऐकू येतात. म्हणजे सुरुवातीचा र हा 'हेर'चा अवशेष आणि न हा 'हिन'चा. बव्हेरिया-ऑस्ट्रियात तर हे तुकडे शब्दामागे गेले: तिकडे वर जाताना 'आउफी', इकडे वर येताना 'आउफा'.

उत्तर आणि मध्य जर्मनीत मात्र र-वाली रूपं दोन्ही दिशांना चालू लागली. त्यामुळे किल्ली मागणारा आणि टाकणारी, दोघंही 'रुंटर'च म्हणतात. वर जायचं असो की यायचं, 'राउफ'. आत शिरायचं तर 'राइन'.

घोळ सहसा होत नाही, कारण 'कोम' (ये) आणि 'गे' (जा) ही क्रियापदं आपल्यासारखीच दिशा सांभाळतात. अडतं ते 'लीफ'पाशी. 'ती राउस पळाली' एवढंच म्हटलं, तर सांगणारा आत होता की बाहेर हे कळायला मार्ग नाही. म्हणून जपून लिहिणारे तिथे अख्खा शब्द लिहितात. 'हेराइनफालेन'मध्ये मात्र हा प्रश्नच येत नाही. शब्दशः 'आत पडणं', पण अर्थ 'फसणं', आणि फसणारा कुठूनही फसो, शब्द 'हेर'चाच.

बोलण्यातही एका जागी अख्खा शब्द टिकून आहे. दारावर टकटक झाली की आतून उत्तर येतं, 'हेराइन!' तिथे 'हिनाइन' ऐकू आलं, तर उत्तर देणारा दाराच्या बाहेर, तुमच्याच शेजारी उभा असणार.