पैसे कधी लागणार, त्यावर सगळं ठरतं

२००६ च्या जानेवारीत सेन्सेक्स ९,४०० च्या आसपास होता. दोन वर्षांत तो २०,८०० च्या वर गेला आणि ९ मार्च २००९ रोजी ८,१६० वर बंद झाला. घराच्या डाउन पेमेंटसाठी २००६ साली कोणी या निर्देशांकात ३ लाख गुंतवले असते, तर तीन वर्षांनी, लाभांश सोडला तर, हातात साधारण २ लाख ६० हजार आले असते. मधली तेजी खरी होती, पण पैसे लागायची वेळ नेमकी मंदीत आली. तेच ३ लाख हलवले नसते तर २०२१ च्या सुरुवातीला १५ लाखांच्या पुढे गेले असते.

म्हणून तीन-चार वर्षांवरच्या खर्चासाठी शेअर्समध्ये पैसे लावणारे इक्विटी फंड मी तरी सुचवणार नाही. तिथे मुदत ठेव बरी. व्याज आधीच ठरलेलं असतं, आणि एका बँकेत एका व्यक्तीच्या मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. उणी बाजू कराची. व्याज मुदतीअखेर मिळणार असलं तरी त्यावरचा कर साधारणपणे दरवर्षी भरावा लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराला ७ टक्क्यांतले सेस धरून जेमतेम ४.८ उरतात.

दुसरी अडचण एफडी मोडताना कळते. समजा, ७ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवलेले १ लाख आठ महिन्यांतच काढावे लागले. बँक सहसा आठ महिन्यांच्या ठेवीचा दर लावते, समजा ६ टक्के, आणि त्यातून वर दंडाचा एक टक्का कापते. मग सुमारे ४,६७० ऐवजी ३,३३० रुपयेच व्याज पडतं.

त्यामुळे चार-सहा महिन्यांत लागणारी किंवा अडीअडचणीची रक्कम लिक्विड फंडात ठेवणं सोयीचं. हे फंड ९१ दिवसांपर्यंतच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवतात. सात दिवसांनंतर एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढण्याचं शुल्क, नाही, पैसे बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. आता नफ्यावर कर एफडीसारखाच टप्प्याप्रमाणे लागतो, फक्त पैसे काढाल तेव्हा. जोखीम मात्र शून्य नाही. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीने पैसे थकवले तेव्हा काही लिक्विड फंडांनाही झळ बसली होती. फंडाने कोणाचे रोखे घेतले आहेत ते दर महिन्याच्या पत्रकात दिसतं. परतावा इतर लिक्विड फंडांपेक्षा ठळकपणे जास्त दिसला, तर ती यादी आधी पाहावी.

राहिली मुलीच्या उच्च शिक्षणासारखी पंधरा वर्षांवरची गरज. तिथे इक्विटी फंडच, पण बाराव्या वर्षी तीच गरज तीन वर्षांवर आलेली असते, आणि बरेच जण फंडातली दरमहाची एसआयपी तशीच चालू ठेवतात. तेव्हापासून दरवर्षी थोडी थोडी रक्कम एफडीत वळवावी. एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी युनिट्सवरचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सध्या करमुक्त आहे, त्यामुळे हप्त्याहप्त्याने काढल्यास ही सूट एकदाच न मिळता प्रत्येक वर्षी मिळते.