क्षीरसागर कोळींच्या मागे का जातात?

खान्देशातल्या एखाद्या विकासोची, म्हणजे विविध कार्यकारी सोसायटीची, सभासद यादी संगणकावर आडनावांप्रमाणे लावली की बरेचदा असा क्रम येतो: कापडणीस, काळे, कासार, कोळी, क्षीरसागर, खैरनार, हिरे. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. त्या हिशेबाने कासार आधी आणि काळे नंतर हवेत, आणि क्षीरसागर हिरेंच्याही खाली, अगदी शेवटी.

हा गोंधळ अक्षरांना दिलेल्या क्रमांकांतून येतो. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘ल’ला 0932, त्याच्या लगेच पुढे ‘ळ’ला 0933, आणि ‘स’ला 0938. ही मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतली. ते मानक अनेक भारतीय लिप्यांसाठी एकच होतं, त्यामुळे ‘ळ’ची जागा मराठीच्या सोयीने ठरली नाही. ‘क्ष’ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांनी बनतो. हलन्ताचा क्रमांक 094D, नेहमीच्या सगळ्या मात्रांपेक्षा मोठा. म्हणून क्षीरसागर ‘को’च्या पुढे आणि ‘ख’च्या अलीकडे अडकतात.

भाषा हिंदी निवडली तरी या दोन अक्षरांची जागा बदलत नाही, कारण हिंदीत ‘क्ष’ ‘क’मध्येच शोधतात. क्रमवारीची भाषा स्पष्टपणे मराठी सांगावी लागते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये फरक एवढाच:

```
names.sort()
names.sort(new Intl.Collator("mr").compare)
```

पहिली ओळ नुसते क्रमांक बघते, दुसरी मराठीचे नियम लावते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये `ORDER BY`मधल्या स्तंभाच्या नावापुढे `COLLATE "mr-x-icu"` लिहिलं की तेच होतं. पडद्यावरचा मेनू मराठीत दिसतो म्हणून क्रमवारीही मराठी असेल, हे गृहीत धरू नये. त्या दोन वेगळ्या सेटिंग असतात.

ही चूक चाचणीतून सहज निसटते, याची मला जास्त काळजी वाटते. जळगाव जिल्ह्याचे 15 तालुके लावून बघा. अमळनेर, चाळीसगाव, जळगाव, पारोळा, भुसावळ अशा पाच नावांत ‘ळ’ आहे, तरी दोन्ही पद्धतींनी क्रम एकच येतो. चाळीसगाव आणि चोपडा यांचा निकाल मात्रेवरच लागतो, ‘ळ’पर्यंत पाळी येतच नाही. ‘ळ’ची जागा महत्त्वाची ठरते ती त्याच ठिकाणी दुसऱ्या नावात व, श, ष, स किंवा ह असेल तेव्हा. काळे-कासार तसे आहेत.

म्हणून चाचणीच्या यादीत काळे, कासार, क्षीरसागर, खैरनार आणि हिरे ही पाच आडनावं घाला. क्षीरसागर खैरनारांच्या वर दिसले तर मराठीचे नियम लागलेले नाहीत. आणि सेटिंग बदलल्यावर जुन्या छापील प्रतीही बदला, नाहीतर जुन्या प्रतीच्या शेवटच्या पानावर नाव सापडलं नाही म्हणून एखादा सभासद यादीत नाहीच, असं कुणीतरी ठरवून टाकतं.