मेंदीची तारीख ठरवण्याआधी हळदीची वेळ सांगा

नमस्कार. तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात आमचे फोन सुरू होतात, आणि बहुतेक जणी पहिल्यांदा विचारतात, "कोपरापर्यंतचे किती घेता?" दर पुढे दिलेच आहेत. आम्ही मात्र आधी विचारतो की हळद कधी आहे, सकाळी की संध्याकाळी? मेंदीचा दिवस आणि वेळ त्यावरच ठरते.

मेंदी खरवडून काढली की रंग केशरी दिसतो. तो पाहून नवरीची आई घाबरते. पण तो तसाच असतो. पुढे हवा लागून तो हळूहळू गडद होतो आणि खरा तपकिरी-लाल रंग यायला २४ ते ४८ तास लागतात. या काळात, आणि त्यातही पहिले बारा तास, हाताला पाणी, साबण आणि घासणं या तिन्ही गोष्टी चालत नाहीत. हळदीत नेमकं हेच सगळं होतं. आधी चोळणं, मग साबण लावून अंघोळ.

एकदा आमचीच चूक झाली. शुक्रवारी रात्री नऊला हात पूर्ण झाले आणि शनिवारी सकाळी नऊला हळद होती. पहाटे मेंदी काढली, हळद झाली, अंघोळ झाली. रविवारी हार घालताना हात नारिंगी. नक्षी सुंदर होती, पण लग्नाच्या फोटोत तिला उठाव नव्हता. तेव्हापासून हळदीची वेळ विचारल्याशिवाय आम्ही तारीख लिहीत नाही.

वेळापत्रक असं बसतं

समजा लग्न रविवारी दुपारी आहे आणि हळद शनिवारी संध्याकाळी पाचला. मग मेंदी शुक्रवारी. आम्ही सकाळी साडेदहाला येतो आणि पायांपासून सुरुवात करतो, कारण तोवर नवरीचे हात मोकळे असतात आणि दुपारचं जेवण तिला स्वतःच्या हातांनी करता येतं. पाय साडेबारापर्यंत होतात. दीड वाजता हात सुरू होतात. कोपरापर्यंत, दोन्ही बाजूंनी म्हटलं की साडेचार तास धरा, म्हणजे सहा वाजतात. मेंदी अर्धवट सुकली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने हलकेच टिपायचं. जास्त लावलं तर ते ओघळतं आणि रेषा फुटतात.

मेंदी हातावर किमान आठ तास हवी. सहाला संपली तर रात्री दोन वाजतात, म्हणून ती लावूनच झोपणं सोपं. टिश्यू पेपर गुंडाळून वरून जुने सुती मोजे चढवा. शनिवारी सकाळी सातला चमच्याच्या मागच्या बाजूने खरवडा, पाणी न लावता, आणि खोबरेल तेल चोळा. हळदीला जाण्याआधी पुन्हा तेल लावा आणि करवलीला सांगून ठेवा की तळहातांना हळद लावायची नाही. रविवारी दुपारपर्यंत मेंदी काढून एकोणतीस तास झालेले असतात, रंग चढलेला असतो.

हळद शनिवारी सकाळी असेल तर मेंदी गुरुवारी. शुक्रवारची तारीख आम्ही घेणारच नाही. वॅक्सिंग, मॅनिक्युअर सगळं मेंदीच्या आदल्या दिवशीच उरका. नंतर केलं तर वरचा रंगही त्याबरोबर जातो. मेंदीच्या दिवशी हाताला क्रीम लावू नका.

हवेचाही हिशोब असतो. डिसेंबरात रात्री थंडी पडली की हात गार होतात आणि रंग हळू धरतो, म्हणून त्या दिवसांत तव्यावर लवंगा गरम करून त्याच्या धुरावर थोडा वेळ हात धरायला सांगतो. मे महिन्यात उलटं. कोन उन्हात पातळ होतो आणि हाताला घाम येतो. आम्ही कोन बर्फाच्या डब्यात आणतो. तुम्ही कूलरचा झोत नवरीच्या हातावर येणार नाही इतकं बघा, नाहीतर मेंदी सुकून पापुद्रे निघतात.

पाहुण्यांची मेंदी

"दोन मुली पाठवा, बायका एकेक करून बसतील," असं सगळे म्हणतात. आता हिशोब करू. एका हाताच्या एका बाजूला साधी वेल काढायला दहा मिनिटं. पस्तीस जणी, प्रत्येकीचे दोन्ही तळहात, म्हणजे सत्तर वेळा, सातशे मिनिटं. दोघींना हे करायला जवळपास सहा तास लागतील, आणि शेवटच्या आत्याबाईंचा नंबर संगीत संपल्यावर लागेल. तिघी आल्या तर साधारण चार तास, चहा-पाण्यासह साडेचार. दुपारी चारला सुरू करून साडेआठला आवरतं.

पाहुण्यांसाठी एका कलाकाराचे तासाला ५०० रुपये, किमान चार तास. वरच्या उदाहरणात तिघींचे साडेचार तास, म्हणजे ६,७५० रुपये. कुणाला भरलेला हात हवा असेल तर आधी सांगा, कारण त्याला अर्धा तास जातो आणि मागच्या तिघींचा नंबर ढकलला जातो.

नवरीचे दर

कोपरापर्यंत दोन्ही हात, दोन्ही बाजू आणि पाय मिळून ५,५०० रुपये. मनगटाच्या थोडं वरपर्यंत आणि पाय, ३,५०० रुपये. याला एकूण चार तास पुरतात. नावं, डोली, नवरदेव-नवरीचे चेहरे हवे असतील तर वेगळे पैसे नाहीत, पण फोटो चार दिवस आधी पाठवा.

आगाऊ बुकिंग

नवरीच्या बुकिंगला २,००० रुपये आगाऊ, यूपीआयने किंवा रोख. रक्कम आली की तारीख लिहिली जाते, नुसत्या "पक्कं समजा" वर नाही. अक्षय तृतीयेच्या आसपासच्या आणि मे महिन्याच्या तारखांसाठी दीड महिना आधी सांगितलेलं बरं. पाहुण्यांच्या बुकिंगला एकूण रकमेच्या निम्मे आगाऊ.

पंधरा दिवस आधी कळवलं तर तारीख एकदा फुकट बदलून देतो. रद्दच करायचं असेल तर आगाऊतले निम्मे परत मिळतात. पंधरा दिवसांच्या आत रद्द केलं तर आगाऊ परत मिळत नाही, कारण त्या दिवसासाठी आम्ही दुसऱ्यांना नाही म्हटलेलं असतं. आमच्याकडून कुणी आलं नाही तर पूर्ण रक्कम परत.

उरलेले पैसे हात सुरू होण्याआधी द्यावेत. मेंदी लागली की नवरीला फोनही उचलता येत नाही आणि घरचे पाहुण्यांत असतात. पार्लरमुळे उशीर झाला तर संपण्याची वेळ आम्ही पुढे नेत नाही, नक्षी थोडी कमी करतो. रिंग रोडच्या आत येण्याचे पैसे नाहीत. कामठी, हिंगणा, कोराडी, बुटीबोरीला ५०० रुपये. काम रात्री नऊनंतर संपलं तर मुलींना घरी सोडण्याची सोय तुमच्याकडून हवी.

एक गोष्ट आम्ही करत नाही

"दहा मिनिटांत काळा रंग देणारी" मेंदी आम्ही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मेंदीचा पाला इतक्या लवकर काळा रंग देत नाही. त्यात अनेकदा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं आणि त्याने काहींच्या हाताला फोड येतात, तेही दोन-तीन दिवसांनी, म्हणजे ऐन लग्नात. आमची मेंदी राजस्थानातल्या सोजतच्या पाल्याची, त्यात पाणी, साखर आणि निलगिरीचं तेल. कोन आदल्या दिवशी भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. तान्ह्या बाळांना मेंदी लावत नाही, आणि घरात कुणाला रक्तातल्या जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल तर त्या व्यक्तीनेही मेंदी टाळावी, म्हणून आधी सांगा.

बुकिंगसाठी हे पत्रक ज्या नंबरवरून आलं त्याच नंबरवर लग्नाची तारीख, हळदीची वेळ, पाहुण्यांची संख्या आणि पत्ता लिहून पाठवा. सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेत उत्तर मिळेल. मेंदी काढत असू तर थोडं उशिरा, कारण तेव्हा आमचेही हात रिकामे नसतात.