'स्क्रू आवळा' फारसीत कसं म्हणायचं?

इंग्रजीत 'टाइटन द स्क्रूज' हे तीन शब्द राजालाही चालतात आणि रंकालाही. कपाटाच्या खोक्यातली चोपडी फारसीत उतरवणाऱ्याला मात्र याच तीन शब्दांशी थांबावं लागतं. एकेरी म्हटलं तर 'पीचहा रा सेफ्त कोन', म्हणजे 'स्क्रू आवळ'. अनेकवचनी, आदरार्थी म्हटलं तर 'सेफ्त कोनीद'. कर्ता गाळला तर 'सेफ्त शवद', म्हणजे 'आवळला जावा'. आणि अदब दाखवायचीच असेल तर 'लोत्फन सेफ्त फरमायीद'. चारही रूपं व्याकरणात बसतात, पण ती एका काळातली नाहीत, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच.

जुन्या फारसीत एकेरी 'तो', म्हणजे आपला 'तू', उद्धट नव्हता. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या 'शाहनामा'त पहलवान बादशहालाही 'तो' म्हणतो. 'शोमा', म्हणजे 'तुम्ही', हे तेव्हा मुख्यतः अनेकवचन होतं. एका माणसासाठी ते आदरानं वापरायची रीत पुढच्या शतकांत रुळली आणि 'तो' हळूहळू घरातल्यांसाठी, जिवलगांसाठी आणि देवासाठी उरला. त्यामुळे आज छापील सूचनेत 'कोन' दिसला की इराणी वाचकाला कुणीतरी खेकसल्यासारखं वाटतं.

पण कृती सांगायची वेळ आली की जुने लेखक बहुधा 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळत. जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांत औषध असं सांगितलेलं असतं: 'बेगीरंद', 'बेकूबंद'. शब्दशः 'ते घेवोत', 'ते कुटोत'. 'ते' कोण, हे कुणी विचारत नाही. मराठी पाककृतीतलं 'तेल तापवावे, मोहरी घालावी' आठवलं की हे चटकन उमगतं. मला ही रीत आजही देखणी वाटते, पण कपाटाच्या चोपडीत ती वापरली तर हकीमसाहेब फळ्या जोडतायत असं वाटेल. कर्ता गाळायची सवय मात्र टिकली. कचेरीच्या फारसीत ती 'शवद'च्या रूपानं भेटते.

आता 'फरमूदन'. मूळ अर्थ हुकूम देणं, आणि आपल्याकडचं फर्मान नि फर्मावणं याच घराण्यातलं. दरबारी अदबीत थोरामोठ्यांचं बोलणं-करणं सगळं 'फरमूदन' झालं. आजही 'बेफरमायीद' म्हणजे 'या', 'बसा', 'घ्या', 'बोला' यांतलं काहीही. जोडक्रियापदात 'कोनीद'च्या जागी 'फरमायीद' ठेवलं की वाक्य वाकून नमस्कार करतं. दारावरच्या पाटीला ते शोभतं. पण चोवीस पायऱ्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक पायरीला 'लोत्फन' आणि 'फरमायीद' आलं तर वाचणारा दमतो, आणि धोक्याची सूचना विनंतीसारखी वाचली जाते. विनंती काय, मोडताही येते!

म्हणून मधला, 'कोनीद'च्या शेवटचा 'ईद' प्रत्यय पायऱ्यांसाठी पुरेसा. आदर त्यातच आहे, वर 'लोत्फन' लागत नाही. तोंडी बोलताना याचंच 'कोनीन' होतं, पण छापताना 'कोनीद'च ठेवावं.

एक पान घेऊन बघू. इंग्रजी मजकूर असा: स्क्रू हातानं लावा, जास्त आवळू नका, फळी दुसऱ्या माणसानं धरून ठेवावी, भिंतीत बसवण्याचं काम तंत्रज्ञानं करावं.

पहिलं सरळ आहे: 'पीचहा रा बा दस्त बेबंदीद'.

दुसऱ्यापाशी मोह होतो. शिष्ट फारसीत मनाईला 'खोददारी कोनीद' (टाळावे) म्हणतात: 'अझ सेफ्त कर्दने बीश अझ हद्दे पीचहा खोददारी कोनीद'. ऐकायला भारदस्त, पण फारसीत क्रियापद शेवटी येतं. 'जास्त आवळणे' हे आधी वाचून होतं आणि नकार सगळ्यात शेवटी, तोही 'न' नसलेल्या शब्दातून. हातात पाना धरलेला माणूस तोवर आवळून मोकळा होतो. 'पीचहा रा बीश अझ हद सेफ्त नकोनीद' यात निदान 'न' क्रियापदालाच चिकटलेला आहे.

तिसऱ्यात आदरार्थी रूपाची मर्यादा उघडी पडते. 'ईद' एकालाही लागतो आणि चौघांनाही, त्यामुळे 'धरून ठेवा' एवढ्यानं दोन माणसं लागतात हे कळत नाही. तिथे 'बे कोमके यक नफरे दीगर', म्हणजे 'आणखी एका माणसाच्या मदतीनं', असं स्पष्ट लिहावं लागतं.

चौथ्याला मात्र 'शवद' हवंच: 'नस्ब बायद तवस्सोते तेक्निसियन अंजाम शवद'. काम वाचकाचं नाही, तेव्हा त्याला आज्ञा देणंच चूक. हेच रूप पहिल्या ओळीत वापरलं, 'पीचहा बस्ते शवद', तर आपण लावायचे की लावून देणारा येणार आहे, असा प्रश्न पडतो. आणि मग गिऱ्हाईक फळ्या पसरून दुकानात फोन लावतं.